मदत हवी आहे: घरचं विरजण पाच महिने टिकवायचं आहे

पंचगंगाकाठ
येत्या शनिवारी आम्ही दोघं मुलीकडे मेलबर्नला निघतोय, परतायला ऑक्टोबर उजाडेल. आमच्या घरचं विरजण आईपासून चालत आलंय. दही असं घट्ट लागतं की वाटी उलटी केली तरी पडत नाही, आंबटही बेताचंच. ते जाऊ द्यायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवलं तर टिकतं का? वाळवतात असंही ऐकलंय. नक्की काय करायचं ते कृतीसकट सांगा. हातात चारच दिवस आहेत.

माजघर
एवढी काळजी कशाला करता? परत आलात की कोमट दुधात हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ टाका आणि भांडं उबेला ठेवा. दही लागतं. आम्ही गावी नेहमी असंच करतो.

पंचगंगाकाठ
ताई, दही कसं लावायचं हे मी विचारलेलं नाही. मला हेच विरजण हवंय.

आरती_नाशिक
बर्फाच्या ट्रेमध्ये दही भरा, गोठलं की वड्या काढून झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवीतली हवा दाबून काढा. दर उन्हाळ्यात माहेरी जाते तेव्हा मी हेच करते. आल्यावर एक वडी दुधात टाकली की झालं.

बे_एरिया_मोरे
विमानात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत ठेवा, केबिनमध्ये दही चालत नाही. आणि तिकडच्या विमानतळावर दुधाचे पदार्थ जाहीर करावे लागतात, नियम आधी वाचून घ्या.

पंचगंगाकाठ
मी न्यायचं म्हणत नाहीये हो! इथेच ठेवून जायचंय. आरतीताई, वडी किती महिने चालते?

डेअरीवाला_आनंद
दूध संघाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं विरजणाचंच काम केलंय, म्हणून आधी थोडं विचारतो. तुम्ही नसताना घरातला फ्रीज चालू राहणार आहे का? दूध गाईचं की म्हशीचं? आणि मे महिन्यात तुमचं दही साधारण किती तासांत लागतं?

पंचगंगाकाठ
फ्रीज बंद करूनच जाणार ना, पाच महिने रिकामं घर आहे. मेन स्विचच काढणार. दूध म्हशीचं. आत्ता पाच-सहा तासांत लागतं.

कर्वेनगरकर
मग फ्रीजरचा प्रश्न येतोच कुठे? हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आणि तसंही फ्रीजरमध्ये जिवाणू मरतात. वाळवणं हाच खरा उपाय. कडक उन्हात ताटात पसरा, कुरडया वाळवतो तसं, दोन दिवसांत खडखडीत होतं.

आरती_नाशिक
मरत असते तर माझं दही कसं लागलं असतं?

डेअरीवाला_आनंद
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. गोठवल्यावर बरेच मरतात, पण उरतात तेही पुष्कळ असतात आणि ते नुसते निपचित पडलेले असतात. घरच्या दह्यात एकाच जातीचे जिवाणू नसतात. काही गोलसर, काही लांबट काडीसारखे. गोठवणं आणि वाळवणं हे दोन्ही या काडीसारख्यांना जास्त बाधतं, आणि दह्याचा आंबटपणा मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. म्हणून जागवलेलं पहिलं दही गोडसर आणि सैल लागतं. लोक तेवढ्यावरच विरजण बिघडलं समजून फेकून देतात, आणि नुकसान तिथे होतं.

उन्हात मात्र वाळवू नका. कुरडईत काही जिवंत ठेवायचं नसतं, इथे तेवढंच ठेवायचं आहे. मे महिन्यातलं ताट उन्हात हात लावू देत नाही इतकं तापतं, आणि उन्हाचे किरण वेगळे मारतात. चाळिसाच्या वर तापमान जाऊ द्यायचं नाही. सावलीत, पंख्याखाली वाळवा.

वऱ्हाडी_ठेचा
आमची आजी सुती फडकं दह्यात बुडवून घरातच दोरीवर वाळवायची आणि डब्यात घालून ठेवायची. लागेल तेव्हा त्याची पट्टी कापून कोमट दुधात. अकोल्याच्या कोरड्या हवेत ते जमायचं. कोकणात जमेल असं वाटत नाही.

डेअरीवाला_आनंद
फडकं चालतं, कारण दह्याचा थर पातळ बसतो आणि लवकर सुकतो. सगळा खेळ लवकर सुकण्याचा आहे. ओलं राहिलं की बुरशी आलीच.

पंचगंगाकाठ, आज रात्री ताजं दही लावा आणि लागल्या लागल्या, आंबायच्या आत, वापरा. आंबट दह्यातले जिवाणू आपल्याच आम्लाने आधीच थकलेले असतात, वाळवण्याचा ताण त्यांना झेपत नाही. वरची साय बाजूला काढा, म्हशीच्या दुधात ती जाड असते आणि वाळल्यावर खवट होते. मधलं दही चार चमचे घ्या, त्यात एक चमचा साय काढलेल्या दुधाची पावडर कालवा. ती जिवाणूंभोवती अस्तरासारखी बसते आणि पाणी जाताना त्यांना सांभाळते. मग बटर पेपरवर हे इतकं पातळ फासा की खालचा कागद दिसला पाहिजे. वरून जाळी, पंखा चालू. अजून वळीव नाही, हवा कोरडी आहे, दीड-दोन दिवसांत पापुद्रे सुटतील. बोटांनी मोडल्यावर कट्‌कन तुटायला हवेत. वाकले तर ओल आहे, अजून ठेवा.

मग चुरून कोरड्या काचेच्या बरणीत भरा. आत फडक्याच्या पुरचुंडीत भाजून गार केलेले तांदूळ ठेवा, झाकण घट्ट लावा.

पंचगंगाकाठ
बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली तर ऑक्टोबरपर्यंत राहील?

डेअरीवाला_आनंद
खात्री देणार नाही. कोल्हापूरचा अख्खा पावसाळा मध्ये आहे. वाळवलेलं विरजण थंडीत टिकतं, उबेत रोज थोडं थोडं मरत जातं. फ्रीजमध्ये पाच-सहा महिन्यांचा भरवसा वाटतो, फळीवर दोन-तीन महिन्यांपुढे नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दुग्धजन्य जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे विरजण गोठवून, मग निर्वातात त्यातलं पाणी ओढून काचेच्या बंद कुप्यांत ठेवतात, म्हणून ते वर्षानुवर्षं राहतं. पंख्याखाली वाळवलेल्याची त्याच्याशी बरोबरी नाही.

म्हणून दोन वाटा ठेवा. एक बरणी फळीवर, दुसरी शेजारी कुणाच्या फ्रीजमध्ये. जमलं तर त्यांच्याच फ्रीजरमध्ये थोड्या वड्याही. वड्या लहान करा, पटकन गोठतील. दह्यात तीच दूध पावडर घाला, आणि फ्रीजरच्या दारात न ठेवता आत मागे ठेवा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये तापमान वरखाली होत राहतं, दाराशी सगळ्यात जास्त.

कर्वेनगरकर
शेजारी फ्रीज आहे तर शेजाऱ्यांनाच विरजण द्या, ते रोज दही लावतील. वाळवायची गरजच काय?

पंचगंगाकाठ
ते पिशवीतलं गाईचं दूध घेतात. त्यांच्या हातात ते आमचं दही राहील का?

डेअरीवाला_आनंद
हळूहळू बदलेल. दूध, उबेची जागा, भांडं, सगळ्याने त्यातलं प्रमाण हलतं. तुमच्या आईंच्या वेळचं आणि आजचं तंतोतंत एकच असेल असंही मी म्हणणार नाही.

पंचगंगाकाठ
चव तीच आहे. ती मला ओळखता येते.

माजघर
मग माझ्या मिरचीच्या देठाचं दही वाईट असतं का? पिढ्यान्‌पिढ्या लावतोय आम्ही.

डेअरीवाला_आनंद
वाईट मुळीच नाही, ताई. देठावरही आंबवणारे जिवाणू असतात, त्यांनी दूध लागतं. पण ते वेगळं विरजण. यांना आईकडचंच हवंय, एवढाच फरक.

इतिहासप्रेमी_जोशी
दह्यातला तो काडीसारखा जिवाणू बल्गेरियाच्या स्टॅमेन ग्रिगोरोव यांनी १९०५ साली जिनिव्हात शोधला. बल्गेरियाचं नाव आजही त्या जिवाणूच्या नावात आहे.

आरती_नाशिक
जागवायचं कसं तेही लिहा ना. मी थेट फ्रीजरमधली वडी दुधात टाकते, दुसऱ्या दिवशी लागतं.

डेअरीवाला_आनंद
चालतं, पण दूध थोडं असेल तर वडीने ते गार पडतं. वडी आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये सरकवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका.

वाळवलेल्या चुऱ्यासाठी: एक चमचा चुरा दोन चमचे कोमट दुधात भिजवून पंधरा मिनिटं ठेवा. तोवर एक कप दूध उकळून करंगळी सुखाने बुडवता येईल इतकं निववा. त्यात मिसळा, झाका, कणकेच्या डब्याशेजारी किंवा बंद ओव्हनमध्ये गुंडाळून ठेवा. पाच-सहा तासांत लागणारं तुमचं दही या वेळी बारा ते अठरा तास घेईल. मध्ये हलवू नका. लागलं की त्यातलं एक चमचा घेऊन पुन्हा एक कप दूध लावा. दुसऱ्या-तिसऱ्या लावणीला वेळ आणि चव जागेवर यायला लागते. अर्धा लिटर दूध पहिल्याच फेरीला लावू नका, थोडक्या जिवंत जिवाणूंच्या आधी दुसरेच काहीतरी त्यात वाढतं.

चोवीस तासांत लागलं नाही, वर बुडबुडे आले, गुलाबी किंवा नारिंगी ठिपके दिसले, बुरशी आली किंवा कुबट वास आला तर चाखूनही पाहू नका.

वऱ्हाडी_ठेचा
आणि तार सुटली तर? आजी म्हणायची तारेचं दही टाकू नये.

डेअरीवाला_आनंद
काही चांगल्या विरजणांनाही तार येते. पण ज्या घरच्या दह्याला कधीच तार नव्हती, त्याला जागवल्यावर अचानक आली तर ते विरजण मी पुढे नेणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आजीने नेलं असतं.

पंचगंगाकाठ (शुक्रवार)
मंगळवारी रात्री फासलं, काल सकाळी पापुद्रे कट्‌कन तुटले. लगेच चिमूटभर चुरा अर्ध्या कपाला लावून पाहिला. आज पहाटे लागलेला दिसला. दही सैल आणि गोड आहे, आनंद म्हणाले तसंच. बरणी फळीवर ठेवली, दुसरी आणि वड्यांची पिशवी शेजारच्या वहिनींकडे. वर तारीख लिहिली आहे.

पंचगंगाकाठ (ऑक्टोबर)
परवा आलो. फळीवरच्या बरणीतला चुरा गोळा झाला होता, वासही बदललेला, तो टाकला. वहिनींकडे ऑगस्टमध्ये दीड दिवस वीज नव्हती, वड्या वितळून परत गोठल्यात, त्यांना अजून हात लावलेला नाही. फ्रीजमधला चुरा मात्र कोरडा होता. पहिलं दही सकाळी लावलं ते रात्री उशिरा लागलं. आज दुसऱ्या लावणीचं बरंच घट्ट आहे, पण आंबटपणा अजून कमी वाटतोय. किती फेऱ्या थांबायचं? आणि त्या वड्या वापरून बघाव्यात का?

डेअरीवाला_आनंद
अजून दोन-तीन फेऱ्या द्या, दर वेळी दही पूर्ण लागल्यावर तासभर जास्त उबेत ठेवा, काडीवाल्यांना वाढायला वेळ मिळतो. वड्या आता नकोत. चांगलं विरजण हातात असताना त्यांचा धोका कशाला?

आरती_नाशिक
मी तरी एक वडी वेगळ्या वाटीत लावून बघेन. दही चांगलं असतानाच तुलना करता येते.

नवीन_सभासद_७
माझं सोयाबीनचं दूध आहे, त्यात हा चुरा चालेल का?