मदत हवी आहे: 'फरक आढळला नाही' हे शेतकऱ्यांना कसं सांगू? (सोयाबीन, इंदूर)

रेवा_इंदूर: माझा एम.एस्सी.चा प्रबंध सांवेरकडच्या 12 सोयाबीन शेतांवर आहे. 6 शेतांच्या बांधावर गवत राखलेलं, 6 ठिकाणी काठापर्यंत नांगरट. दोन ओळींत कापड अंथरून मीटरभर ओळ झटकायची आणि पडलेल्या उंटअळ्या मोजायच्या. गवतवाल्या शेतांत मीटरमागे सरासरी 2, नांगरलेल्यांत 4. उत्पादनात मात्र फरक आढळला नाही. आता शेतकरी आणि पंचायत-कृषी खात्यासाठी एक पान हिंदीत लिहायचंय. कच्चा खर्डा वाचून एक काका म्हणाले, "म्हणजे गवताचा काही फायदा नाही ना?" मला तसं म्हणायचंच नव्हतं.

माळवी_मामा: 'फायदा नाही' असंच लिहून टाक, लोकांना स्पष्ट आवडतं. आणि '50 टक्के कमी' नको, '4 च्या जागी 2 इल्ल्या' लिही. आमच्याकडे अळीला इल्लीच म्हणतात.

सुनंदा_ताई: मामा, इल्लीचं पटलं, पहिलं नाही. रेवा, उत्पादनातल्या फरकाचा विश्वास-अंतराल किती आला?

रेवा_इंदूर: ताई, गवतवाल्यांत हेक्टरी 2 क्विंटल कमी ते 3 क्विंटल जास्त.

सुनंदा_ताई: मग तेच लिही: "गवतामुळे उत्पादन वाढतं की घटतं, हे 12 शेतांवरून सांगता येत नाही. हेक्टरी 2 क्विंटल घटही असू शकते, 3 क्विंटल वाढही." 2 क्विंटलची घट शेतकऱ्याला परवडणारी नाही, म्हणून ती लपवू नकोस. बिघ्याचा हिशेब द्यायचा तर त्या गावचा बिघा केवढा ते आधी विचार. आणि एक सांग, गवत राखणारे फवारणी किती करत होते?

देवास_शेती: माझ्या सोयाबीनची पानं पिवळी पडलीत, गवत काढू का?

सुनंदा_ताई: दादा, तो मोझॅक रोग असेल तर पांढऱ्या माशीमुळे पसरतो. वेगळा धागा काढा, फोटो टाका.

रेवा_इंदूर: वही पाहिली. गवतवाल्या 6 पैकी 4 जणांनी एकदाच फवारलं, नांगरणाऱ्यांत बहुतेकांनी दोन-तीनदा.

सुनंदा_ताई: इथेच अडतं. जास्त फवारणीत कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात, म्हणूनही अळी वाढली असेल. किंवा अळी कमी म्हणून त्यांनी कमी फवारलं. गवत बांधावर कुणी ठेवायचं हे तू ठरवलं नव्हतंस, ते आधीच होतं. म्हणून "गवत ठेवा, इल्ली घटेल" असं लिहू नकोस. "जिथे गवत होतं तिथे इल्ल्या कमी दिसल्या, पण तिथे फवारणीही कमी होती" एवढंच.

रेवा_इंदूर: कृषी अधिकारी पानाच्या शेवटी 'शिफारस' मागतायत. रिकामी ठेवली तर पान पुढे जाणार नाही.

माळवी_मामा: "फवारणीआधी कापड झटकून मोजा" हे लिहिता येईल ना? आम्ही तर बघूनच फवारतो.

सुनंदा_ताई: मामांचं चांगलं आहे, पण तो तुझ्या अभ्यासाचा निष्कर्ष नाही. वेगळ्या चौकटीत टाक. अधिकारी मानतील का, कोण जाणे.

रेवा_इंदूर: उद्या त्याच काकांना नवा खर्डा वाचून दाखवते. त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहीन.