गल्ला आधी, कुलूप नंतर

"रात्री रोकड जुळत नाही. दुकान बंद करताना कोणत्या क्रमाने जावं?"

बाहेरचा माल आत घ्या, शटर अर्धं ओढा, मग गल्ला मोजा. समजा सकाळी 2,000 सुट्टे ठेवले, रोख विक्री 9,400 झाली, गल्ल्यातून दूधवाल्याला 600 दिले. तर 10,800 हवेत. 10,300 च भरले, तर बहुतेक 500 चं यूपीआयचं बिल रोखीत लिहिलं गेलंय. यूपीआयच्या नोंदी बिलांशी ताडून पाहा.

मेन स्विच पाडू नका, दुधाचा फ्रीज आणि कॅमेरा त्यावरच असतात. वजनकाटा, पंखे, दिवे वेगवेगळे बंद करा. मुंबईत हिंदमात्यासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात दुकान असेल तर पावसाळ्यात खालच्या फळीवरचा माल रोज वर चढवाच. शेवटी शटरची दोन्ही कुलपं हाताने ओढून पाहा.