मदत हवी आहे: प्रमुख पाहुण्यांची ओळख कशी करून देऊ?

शाळेतली_बाई (डिचोली): शनिवारी आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे. ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. सुरुवात अशी लिहिलीय: "प्रमुख पाहुणे म्हणून मा. पद्मश्री डॉ. सौ. अमुकजी मॅडम लाभल्या आहेत." मुख्याध्यापक म्हणतात चुकलंय, पण काय ते सांगत नाहीत. लवकर सांगा!

पेडणेकर: त्या करतात काय? डॉक्टर म्हणजे दवाखान्यातल्या की पीएचडी?

शाळेतली_बाई: पीएचडी. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, आमच्याच गावच्या.

विनायक_फोंडा: घटनेच्या कलम 18 ने किताब रद्द केलेत. पद्मश्रीचा उल्लेखच करू नका.

जुना_सूत्रसंचालक: विनायकराव, तसं नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, म्हणून ते वैध आहेत. मात्र नावाच्या पुढे-मागे लावायचे नाहीत. तेव्हा "पद्मश्री अमुक" नको, "पद्मश्री पुरस्काराने सन्मानित" असं वेगळं वाक्य करा.

आता तुमचं वाक्य बघा, बाई. एका नावावर मा., पद्मश्री, डॉ., सौ., जी आणि मॅडम, एवढं ओझं! पीएचडी त्यांनी मिळवलीय, ते "डॉ." ठेवा. "माननीय" एकदा पुरे. आणि "पाहुणे म्हणून लाभल्या" कानाला खटकतं, "प्रमुख पाहुण्या" म्हणा.

नाव शेवटी घ्या, म्हणजे टाळ्या बरोबर पडतात: "याच गावात वाढलेल्या, मराठीच्या प्राध्यापिका म्हणून पिढ्या घडवलेल्या आणि पद्मश्री पुरस्काराने सन्मानित झालेल्या आपल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, माननीय डॉ. अमुक." मधे त्यांच्या कामातला मुलांना कळेल असा एकच प्रसंग घाला. दीड मिनिटाच्या वर जाऊ नका, पहिल्या रांगेतली मुलं चुळबुळ करतात.

मीनाताई_सांगे: आमच्याकडे शाल आणि श्रीफळ आधी देतात, मग ओळख. गेल्या वर्षी उलटं झालं नि समईच विझली. समईजवळ पंखा नको हं.

पेडणेकर: ताई, त्यांनी पंख्याचं विचारलेलं नाही! पण "सौ." का काढायचं? आमच्या गावात "श्रीमती" म्हटलं की काही जणी रागावतात, तसं फक्त विधवेला म्हणतात म्हणून.

जुना_सूत्रसंचालक: सरकारी कागदावर कोणत्याही बाईला श्रीमती लिहितात. पण "डॉ." असताना दोन्ही नकोत.

पेडणेकर: मला पटत नाही. त्या स्वतः सौ. लिहीत असतील तर?

शाळेतली_बाई: आज फोन करून त्यांनाच विचारते. आमदारही येतायत, ते सांगायचं राहिलं. ते अध्यक्ष आहेत, मग त्यांचं नाव आधी ना?

जुना_सूत्रसंचालक: हो, संबोधनात अध्यक्ष आधी, मग प्रमुख पाहुण्या. पण पत्रिकेत क्रम काय छापलाय?

शाळेतली_बाई: पत्रिकेत पाहुण्या आधी, तेही "पद्मश्री डॉ. सौ." असंच. छापून वाटूनही झाल्यात. देव बरें करूं, निदान बोलताना तरी नीट म्हणेन. मागचा बॅनर अजून छापायचाय, तो आत्ताच थांबवते.