मदत हवी आहे: बचत गटात पाळीच्या स्वच्छतेवर बोलायचंय, खाज आणि पांढऱ्या पाण्याचं काय सांगू?

रानजाई: मी सीआरपी आहे, म्हणजे गावातल्या बचत गटांना मार्गदर्शन करते, शुक्रवारी गटाच्या मीटिंगला अर्धा तास बोलायचंय. पॅड, कापड वगैरे जमेल. पण मागच्या वेळी सगळ्या गेल्यावर एकीने हळूच विचारलं, खाली खाज सुटते, अंगावरून जातं, दवाखान्यात जाऊ का, आणि मला सांगताच आलं नाही. कधी जायचं ते सोपं करून सांगा, लवकर.

सुमनकाकू: कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आतबाहेर धुवायला सांग. आम्ही हेच केलं.

जुनीसिस्टर: काकू, बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आतून काहीच नको, आतले चांगले जंतूच निघून जातात. रानजाई, तिचं वय काय, गरोदर आहे का, पाणी कसं जातं, वास येतो का?

रानजाई: चाळिशीची, गरोदर नाही. दह्याच्या चोथ्यासारखं, वास नाही. मेडिकलमधून ट्यूब आणते, आठ दिवस बरं, की परत सुरू. वर्षात चौथ्यांदा.

जुनीसिस्टर: अगं हे आधी सांगायचं ना. हे बुरशीचं वाटतंय, पण तपासल्याशिवाय खरं कळत नाही. इतक्यांदा उलटतंय तर रक्तातली साखर बघायलाच हवी, शुगर वाढली की हे हटत नाही. आणि त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असेल तर खाज दबते, आजार राहतो. रिकामी ट्यूब दवाखान्यात घेऊन जायला सांग.

पिंकी_नाशिक: म्हणजे कापड वापरल्यामुळेच झालंय! पॅड द्या सगळ्यांना.

जुनीसिस्टर: नुसत्या कापडाने नाही होत. आमच्याकडे बायका घडी परकराखाली लपवून वाळत घालतात, ती दोन दिवसांनीही दमटच. गार पाण्यात भिजवून साबणाने धुवून उन्हात कडक वाळवली की कापड चालतं. पॅडही चार-सहा तासांनी बदलायचंच.

मनोज_साताळकर: पॅड बनवायच्या मशीनला गटाला कर्ज मिळतं का कुणाला माहीत आहे?

रानजाई: दादा, तो वेगळा धागा काढा ना. सिस्टर, बाकीच्यांना काय सांगू?

जुनीसिस्टर: पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, तार निघेल असं पाणी जातं, त्याला खाज-वास नसतो, घाबरायचं नाही. मासळीसारखा वास, हिरवट-पिवळं फेसाळ पाणी, फोड किंवा जखम, गरोदरपणी खाज, यात दवाखाना. फेसाळ पाणी निघालं तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर परत होतं. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं तर थेंबभर असलं तरी लेडी डॉक्टर.

सुमनकाकू: बाकी सगळं मान्य, पण कडुलिंबाने मला कधी त्रास नाही झाला.

रानजाई: आमच्या केंद्रात पुरुष डॉक्टर आहेत, ती तयार होईना. उपकेंद्रात आरोग्यसेविका बोटातून शुगर बघतात, तिथवर यायला हो म्हणाली. बुधवारी मी सोबत जातेय. पुढचं कसं पटवू?