मदत हवी आहे: साताऱ्यातून कासच्या सीटवर सहली, गाडीमालकाशी ठराव आणि रद्द बुकिंगचा हिशोब

वृषाली_सातारा
नमस्कार. पोवई नाक्याजवळ आमचं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. यंदा कासच्या सीझनपासून शनिवार-रविवारच्या एकदिवसीय सहली काढायच्या आहेत. पुण्याहून सकाळच्या एसटीने येणाऱ्यांना स्टँडवरून घ्यायचं, कास, ठोसेघर, सज्जनगड करून संध्याकाळी परत स्टँडवर सोडायचं. गाडी विकत घ्यायची नाही, भाड्यानेच लावायची आहे.

माझा हिशोब असा: १७ सीटर ट्रॅव्हलर, ड्रायव्हर भत्ता आणि डिझेल धरून दिवसाला ७,००० रुपये. सीट ९०० ला, १५ सीट विकायच्या. नाश्ता-जेवणाचे माणशी २२० जातात. कासचं प्रवेश शुल्क प्रवाशाकडून वेगळं.

अडचण तीन ठिकाणी आहे. गाडीमालक म्हणतात, ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सगळ्या शनिवार-रविवारी गाडी हवी तर प्रत्येक तारखेला २,००० आत्ताच द्या. लॉजवाले गिऱ्हाईक पाठवायला १० टक्के मागतायत. आणि बुकिंग रद्द झालं तर कुणाला किती परत द्यायचे, ते ठरत नाहीये.

घाटवळण
ताई, सोपं आहे. पूर्ण पैसे आधी घ्या आणि पावतीवर छापा, पैसे परत मिळणार नाहीत. सगळे तेच करतात. पाच-सहा सीट ऐनवेळी गळल्या की गाडीचं भाडं अंगावर येतं.

सह्याद्री_टूर्स_जुना
घाटवळण म्हणतात त्यातलं अर्धं बरोबर आहे. पैसे आधीच घ्यायचे. पण सरसकट 'परत नाही' लिहू नका. ट्रिप तुम्हीच रद्द केलीत किंवा गाडी आली नाही तर पैसे द्यावेच लागतात, आणि ग्राहक आयोगात अशी एकतर्फी अट टिकेलच असं नाही. शिवाय तुमचं निम्मं गिऱ्हाईक कुणाच्या तरी ओळखीने येणार आहे.

आधी सीटचा हिशोब बघा. ९०० मधून जेवणाचे २२० गेले की ६८० उरतात. ७,००० भागायला ११ सीट लागतात. १५ भरल्या तर ३,२०० राहतात, ११ वर फक्त ४८०. नऊच आले तर ८८० खिशातून. म्हणजे तुमचा सगळा धंदा शेवटच्या चार सीटवर आहे, आणि रद्द होतात त्या नेमक्या तेवढ्याच.

आता गाडीच्या भाड्यातला सीटचा वाटा काढा. ७,००० भागिले १५, म्हणजे साधारण ४६५. उशिरा रद्द करणाऱ्याकडून हा वाटा ठेवा, बाकीचे परत द्या, कारण त्याचं जेवण तुम्ही अजून सांगितलेलं नसतं. समजा ऐनवेळी सहा गळले आणि प्रत्येकी ४५० ठेवले, तर २,७०० हातात राहतात आणि ८८० चा तोटा १,८२० च्या नफ्यात जातो. गिऱ्हाईकालाही पटतं. 'गाडीत तुमची जागा अडवली होती, जेवणाचे पैसे घ्या' असं सांगितलं की वाद होत नाही.

मुदत कुठे ठेवायची, ते मालकावर ठरतं. शनिवारची गाडी बुधवार दुपारपर्यंत सोडली तर तो काही कापणार नाही, हे त्याच्याकडून लिहून घ्या. मग गिऱ्हाईकाची मुदत मंगळवार संध्याकाळी संपवा. मालकाने तुम्हाला दिली नाही ती सवलत तुम्ही पुढे देऊ नका. बुधवारी सकाळी सीट मोजायच्या. ११ च्या खाली असाल तर ट्रॅव्हलर सोडून द्यायची आणि पाच-सहा जणांसाठी एर्टिगा लावायची, नाहीतर लोकांना रविवारच्या गाडीत घालायचं.

कराडचा_गाडीवाला
माझ्या दोन ट्रॅव्हलर आहेत, म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो. आम्ही आधी पैसे मागतो ते उगाच नाही. गेल्या सीझनला एका एजंटाने रात्री साडेदहाला फोन करून सकाळची गाडी रद्द केली. त्याच तारखेचं कॉलेजचं भाडं मी त्याच्यासाठी सोडलं होतं. दुसऱ्याने तीन फेऱ्यांचे पैसे दिवाळीपर्यंत लटकवले. डिझेल तर रोज रोखीने भरावं लागतं. फेरी संपली की त्याच संध्याकाळी पैसे देणार असाल तर तारखेचा ॲडव्हान्स बरेच मालक कमी करतील. आणि गाडी पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटचीच घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्त पडते, पण त्यात भाड्याने माणसं नेताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

रानवाट
पावसाळ्यात वासोटा बंद असतो बरं का. बामणोलीची बोट सहलीत धरली असेल तर आधी चौकशी करा. आमचा ग्रुप एकदा तिथूनच परत आला होता.

वृषाली_सातारा
रानवाट, वासोटा या सहलीत नाही, हिवाळ्यात वेगळा करणार आहे. गाडीवाले दादा, त्याच संध्याकाळी पैसे द्यायला मी तयार आहे. सह्याद्री सर, मुदतीचं पटलं. पण सहाही आठवड्यांच्या तारखा आत्ता पकडू का? आणि लॉजवाल्यांचं काय?

सह्याद्री_टूर्स_जुना
सगळ्या तारखांना एकच भाव नका देऊ. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे १२-१३ च्या शनिवार-रविवारी जिल्ह्यातल्या ट्रॅव्हलर मुंबई-पुण्याहून कोकणात चाकरमानी पोचवत असणार. त्या दोन दिवसांना गाडी महाग आणि गिऱ्हाईकही घरच्या गणपतीत. ती तारीख सोडा. १९-२० ला फुलांची गर्दी असते आणि गाड्याही परतीच्या भाड्यात अडकलेल्या, तिथे २,००० खुशाल द्या. २६ पासून पितृपक्षाचा काळ, लग्नकार्य नाही, गाड्या दारात उभ्या असतात. २६-२७ आणि ३-४ ऑक्टोबरला ॲडव्हान्स देऊ नका, उलट ७,००० चे साडेसहा करून घ्या. फूल कधी भरतं ते पावसावर आहे, म्हणून ऑगस्ट अखेरच्या तारखेलाही जास्त पैसे गुंतवू नका.

मेमध्ये महाबळेश्वरच्या सहली काढायच्या असतील तर तेही सांगून ठेवतो. यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, त्यात लग्नं नसतात. एरवी मेमध्ये वऱ्हाडामुळे गाडी मिळत नाही, यंदा १७ तारखेपासून मिळेल.

लॉजवाल्याचे १० टक्के म्हणजे सीटला ९०. तुमचे ६८० चे ५९० होतात आणि ११ ऐवजी १२ सीट लागतात. सगळ्या १५ सीट त्यांच्याकडूनच आल्या तर ३,२०० चे १,८५० होतात. म्हणून कमिशन बुकिंगवर देऊ नका, प्रवासी गाडीत बसला तर सोमवारी द्या. ओळखीचे लॉजवाले हे मान्य करतात.

घाटवळण
हा गाडीच्या वाट्याचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. पण एक विचारतो. प्रवेशाची ऑनलाइन बुकिंग आधी काढावी लागते, रोजची संख्या ठरलेली असते. प्रवासी गळला तर तो पास कुणाच्या नावावर जातो?

सह्याद्री_टूर्स_जुना
पासाचे पैसे प्रवाशाचेच धरा आणि तसं पावतीवर वेगळं लिहा. सीटच्या पैशात मिसळलं की परताव्याच्या वेळी भांडण होतं.

वृषाली_सातारा
पावतीचा नमुना आज रात्री इथे टाकते, बघून सांगा. एक राहिलं. कासला पोचलो आणि धुक्यात फूलच दिसलं नाही, तर लोक पैसे मागतात. गाडी तर फिरलेली असते.

कराडचा_गाडीवाला
गाडी फिरली म्हणजे भाडं पूर्ण, मालक एक रुपया सोडणार नाही.

सह्याद्री_टूर्स_जुना
मी पैसे देत नाही, फुलांची हमी नाही असं बुकिंगच्या वेळीच सांगतो आणि तशा दिवशी ठोसेघरला जास्त वेळ थांबतो. पण धुक्यात दिवस गेलेल्यांना पुढच्या ट्रिपला १०० रुपये सूट देणारे एजंट आहेत आणि त्यांचं गिऱ्हाईक टिकतं, हेही बघितलंय. त्यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.