वाट बघणारा सांगाडा आणि पतसंस्थेचं पेज

खानापूर काउंटर:
आमच्या पतसंस्थेत साडेसहाशे ठेवखात्यांना वारस नोंद नाही. बोर्डावर वर्षभर सूचना लावली, तीन जण आले. आता नव्या मुलानं मीम केलंय. बाकावर वाट बघत बसलेला सांगाडा, सध्या परत सगळीकडे फिरतोय तोच. वर ओळ, ‘वारस नोंदीला उद्या येतो म्हणालेले काका’. खाली संस्थेचं बोधचिन्ह. मला हसू आलं. चेअरमन म्हणतात घाला, मॅनेजर म्हणतात शोभत नाही. तुम्ही काय म्हणता?

शहापूरचा मीमवाला:
घाला की! वर्षभराच्या सूचनेनं तीन माणसं आणली, सांगाडा तीस तरी आणेल. मुंबई पोलिसांचं बघा. 2020 मध्ये ‘बिनोद’चं खूळ आलं होतं, तेव्हा त्यांनी तेच नाव घेऊन ‘पासवर्ड म्हणून हे ठेवू नका’ असं सांगितलं. पोलिसांना शोभतं आणि तुमच्या पतसंस्थेला शोभत नाही? गंभीर संस्था म्हणजे काय, चोवीस तास तोंड पाडून बसायचं?

निपाणीकर मास्तर (निवृत्त):
आमच्या शाळेच्या पेजवर एका शिक्षकानं दहावीच्या निकालाचं असंच काहीतरी टाकलं होतं. पालकांनी गोंधळ घातला. मीम हा प्रकारच संस्थांनी करू नये. शिवाय दुसऱ्याचा फोटो वापरला की केस होते.

पेज सांभाळणारा, टिळकवाडी:
मीमवाल्याचं उदाहरण चांगलं आहे, पण नीट बघा. ‘बिनोद’मध्ये हसू कुणावर होतं? एका नावावर आणि आळशी पासवर्डवर. दुखावला जाणारा कोणी नव्हता. दुसरं, पोलिसांचं मीम आवडलं नाही म्हणून कोणी पोलीस ठाणं बदलत नाही. ठेवीदार मात्र ठेव मोडतो.

इथल्या सांगाड्याचा त्रास वेगळाच आहे. वरची ओळ झाकून फक्त चित्र आणि बोधचिन्ह बघा. पतसंस्थेचं नाव आणि वाट बघून बघून हाडं झालेला माणूस. आपल्या भागात बुडालेल्या पतसंस्था लोकांनी पाहिल्यात. तो माणूस कशाची वाट बघतोय, असं कुणालाही विचारा. उत्तर येईल, ‘आपल्या पैशाची.’

मीमची ओळ बदलायची म्हणूनच असते. एखाद्या चिडलेल्या सभासदानं तुमची ओळ पुसून ‘ठेव परत मिळायची वाट बघणारे ठेवीदार’ असं लिहिलं, तर त्याला अर्धा मिनिट लागेल. बोधचिन्ह तुम्ही आधीच लावून दिलंय. मग ते गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये फिरणार आणि सकाळी काउंटरवर गर्दी होणार. बँकेत ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. तुमच्याकडे लोक ठेव ठेवतात ते तोंडओळखीवर आणि विश्वासावर. तिथे हा खेळ नको.

मास्तर, केसचं तुमचं अर्धं बरोबर आहे. घरच्या ग्रुपमध्ये कोणी चित्र पाठवलं म्हणून सहसा कोणी विचारत नाही. संस्थेनं आपलं काम वाढवायला वापरलं तर मालक पैसे मागू शकतो. 2015 मध्ये जर्मनीतल्या एका ब्लॉगला पेंग्विनच्या मीमपायी गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीला पैसे भरावे लागले, कारण पेंग्विनचा मूळ फोटो त्यांच्याकडचा होता. सांगाड्याचा फोटो कुणाचा, हे तुमच्या नव्या मुलाला शोधायला सांगा. बहुतेक त्याला सापडणार नाही.

वडगावची वहिनी:
मला मीमबिम कळत नाही, माझं सांगते. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या एका ठेवीला वारस नोंद नव्हती. संस्थेचं नाव घेत नाही. नाडकचेरीत वंशवृक्षासाठी चार खेपा, मग दिरांच्या सह्या, त्यातला एक पुण्याला. सात महिने गेले. त्या दिवसांत मला कोणी हा सांगाडा पाठवला असता तर तिथेच चप्पल काढली असती. सासऱ्यांनीसुद्धा ‘उद्या जातो’ असंच म्हटलं होतं.

शहापूरचा मीमवाला:
वहिनी, सॉरी. पण तुमची गोष्ट ऐकूनच म्हणतोय, लोकांना जागं करायला पाहिजे. गुळगुळीत सूचना कोण वाचतंय?

वडगावची वहिनी:
जागं करा की, कोण नको म्हणतंय. मेलेल्या माणसाला दाखवून कशाला करुलालाय?

काका नंदगडवाले:
नवा कायदा आलाय, आता चार वारस लावता येतात. त्याचंच मीम करा.

पेज सांभाळणारा, टिळकवाडी:
काका, ते बँकांसाठी, 1 नोव्हेंबर 2025 पासून. पतसंस्थेत पोटनियम बघावे लागतील. मीममध्ये चुकीचा नियम गेला तर ‘गंमत होती’ म्हणून सुटका होत नाही. लोक तेच घेऊन काउंटरवर येतात.

आणि तारखेवरून आठवलं. खानापूरच्या ताई, पोस्ट काहीही असो, 1 नोव्हेंबरला आणि 17 जानेवारीला हसरं काही टाकू नका. इकडे सीमाभागात 1 नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या गल्लीत मराठी लोकांचा काळा दिवस. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन असतं. पोस्ट आधीच वेळ लावून ठेवली असेल तर कॅलेंडर परत बघा.

खानापूर काउंटर:
सांगाडा पैशाची वाट बघतोय, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मॅनेजरना दाखवलं तर ते गप्पच झाले. पण मग करायचं काय? सूचना कोणी वाचत नाही हे तर खरंच आहे. चेअरमन म्हणतात ‘नाळे बा’चं काहीतरी करा, कानडी लोकांनाही कळेल.

पेज सांभाळणारा, टिळकवाडी:
‘नाळे बा’ म्हणजे कानडीत ‘उद्या ये’, ते घराच्या दारावर भुतासाठी लिहायचे. संस्थेच्या दारावर ‘उद्या या’ लिहिलेलं लोकांनी आधीच पुष्कळ पाहिलंय, चेअरमनना सांगा!

वाट बघण्याची कल्पना मात्र टाकू नका, ती चांगली आहे. फक्त वाट बघणारा बदला. काका वाट बघत नाहीत, तुम्ही बघताय. काउंटरसमोरची रिकामी खुर्ची, टेबलावर वारस नोंदीचा कोरा फॉर्म, त्यावर पेन आणि शेजारी साय धरलेला चहा. तुमच्याच मोबाइलनं काढा. ओळ एवढीच, ‘काका, चहा निवला’. खाली कानडीत तेच, पण तुमच्या कानडी शिपायाकडून लिहून घ्या, भाषांतराच्या अॅपवर टाकू नका. उद्या कोणी ओळ बदलली तरी चहाच्या कपाचं भूत होत नाही.

टाकण्याआधी ओळ झाकून फोटो तीन सभासदांना दाखवा. ‘हसू आलं का’ असं विचारू नका, ‘काय दिसतंय’ एवढंच विचारा. तिघांत एकानं जरी भलतंच सांगितलं तरी थांबा.

शहापूरचा मीमवाला:
चहाचा कप कोण फॉरवर्ड करणार, राव? सांगाडा शंभर ग्रुपमध्ये गेला असता. तुम्ही भीतीपोटी मिळमिळीत करुलालाय.

पेज सांभाळणारा, टिळकवाडी:
शंभर ग्रुप कुठले? त्यात तुमचे सभासद किती? वारस नोंद न केलेले बहुतेक साठीच्या पुढचे असणार, रोज पिग्मी भरणारे. त्यांच्यापर्यंत पिग्मी एजंट रोज जातो. त्याच्या पिशवीत फॉर्म द्या. पेज त्यांच्या मुलांसाठी, ‘बाबा, जाऊन या’ म्हणायला.

शहापूरचा मीमवाला:
मग पेज ठेवलंय कशाला?

खानापूर काउंटर:
फोटो काढून तिघांना दाखवला. पहिल्या दोघांनी ‘कुणाचीतरी वाट बघताय’ म्हटलं. तिसऱ्या आजी म्हणाल्या, ‘चहा कुणासाठी आहे, थंड झाला की’, आणि बसल्याच. त्यांचा फॉर्म भरून घेतला. पोस्ट अजून गेलेली नाही. कपाचा कान तुटलेला दिसतोय म्हणून मॅनेजरनी दुसरा कप आणायला सांगितलंय. चेअरमनना अजूनही सांगाडाच आवडतो.