अनुभव धागा: भांडण झालं, पण तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघींकडेच राहिल्या

धागा काढणारी, सांगली

सहकाऱ्याशी कडाक्याचं वाजलं आणि तरीही रोज एकच काम दोघांनी मिळून करावं लागलं, असं कुणाच्या वाट्याला आलंय का? पुढं विश्वास परत आला का, आणि आला तर कशानं, हे सविस्तर लिहा. सुरुवात मी करते. माझ्या गोष्टीत चूक माझी होती.

मी एका पतसंस्थेत अधिकारी आहे. तिजोरीला दोन किल्ल्या. एक माझ्याकडं, एक कॅशियरकडं. एकटीनं ती उघडत नाही, त्यामुळं सकाळी पावणेदहाला आणि संध्याकाळी रोकड आत ठेवताना आम्ही दोघी तिथं हव्याच. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी तिला अगंतुगं करायची, ती मला ताई म्हणायची. डबा एकत्र.

मार्चमध्ये हळदीचे सौदे जोरात असताना एका संध्याकाळी रोकड नऊ हजारांनी कमी आली. तीनदा मोजली, तरी तेवढीच. बाहेर चार-पाच खातेदार थांबले होते. मी काउंटरवरच तिला म्हणाले, "सकाळी दोघींनी मोजली तेव्हा बरोबर होती, मग मधे कुठं गेली?" आणि त्याहून वाईट म्हणजे, "पर्स उघडून दाखव." तिनं दाखवली. दुसऱ्या दिवशी तिनं नऊ हजार आणून भरले आणि मला "मॅडम, तुम्ही" म्हणायला लागली.

अकरा दिवसांनी हळदीचा एक शेतकरी पासबुक घेऊन आला. म्हणाला, "बाई, माझ्या खात्यात नऊ हजार जास्त दिसत्यात." त्या दिवशीची स्लिप काढली. स्लिपवर ५४,००० होते, तिनं ५४,०००च दिले होते, आणि संगणकात मी ४५,००० टाकले होते. क्लार्क रजेवर होता, म्हणून पोस्टिंगही मीच केलं होतं आणि स्लिप पासही मीच केली होती. माझी चूक दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाणारच नव्हती.

त्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून मी तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, पर्स तुम्ही काउंटरवर उघडायला लावली होती." एवढंच बोलून ती गेली. मला दोन रात्री झोप लागली नाही. शनिवारच्या बैठकीत अध्यक्ष आणि सगळ्या स्टाफसमोर मी काय झालं ते सांगितलं. फरक माझ्या पोस्टिंगमुळं आला, हे रजिस्टरला माझ्या हातानं लिहिलं. शेतकऱ्याच्या संमतीनं त्याच्या खात्यातून नऊ हजार वजा करून तिचे तिला परत केले. त्यानंतर ती "ठीक आहे" म्हणाली. पण डबा वेगळाच राहिला.

पुढची चूक मला चांगुलपणा वाटली होती. माझा तुझ्यावर विश्वास आहे हे दाखवायला मी संध्याकाळची रोकड न मोजताच सही करायला लागले. तिसऱ्या दिवशी तिनं रजिस्टर ओढून घेतलं. "मोजा. तुम्ही न मोजता सही केली आणि उद्या कमी निघाली, तर पुन्हा बोट माझ्याकडंच वळणार." तेव्हा मला कळलं की मोजणं तिच्यासाठी संरक्षण होतं आणि ते मी काढून घेत होते.

मग आम्ही बसून काम नव्यानं ठरवलं. आधी कुणी मोजायचं हे दिवसाआड बदलायचं. मी मोजते तेव्हा ती बघते, ती मोजते तेव्हा मी. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, ते मोठ्यानं म्हणायचं आणि खाली दोघींच्या सह्या. दुपारी जेवायच्या सुट्टीआधी एकदा टॅली, म्हणजे फरक आला तरी अर्ध्याच दिवसाच्या स्लिपा शोधायच्या. आणि मी पोस्ट केलेली स्लिप मी पास करायची नाही, मग रांग कितीही लांब असो.

जवळजवळ पाच महिन्यांनी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "दोनशे कमी येतायत. बघायचं का?" किरकोळ फरक ती आतापर्यंत गुपचूप खिशातून भरायची, हे मला त्याच दिवशी कळलं. दोनशे सापडले. एक स्लिप दुसऱ्या गठ्ठ्यात गेली होती. पण ती सांगायला आली, याला मी विश्वास परतायची सुरुवात मानते. "ताई" मात्र अजून म्हणत नाही, आणि मी तिला "तुम्ही"च म्हणते.

मिरजेहून, परिचारिका

वाचताना अंगावर काटा आला, ताई. आमच्या वॉर्डात रात्रपाळीवरून दिवसपाळीकडं पेशंट सोपवताना एकदा इन्सुलिनच्या डोसवरून माझं एका सिस्टरशी जोरात वाजलं. मी दिलेलं तिला कळलं नाही आणि ती परत देणार होती, सुदैवानं पेशंटनंच सांगितलं. दोघी एकमेकींना बोल लावत राहिलो.

माझा अनुभव असा की सगळं लेखी ठेवावं, तोंडी काही नको. आम्ही तसंच केलं. पाळी बदलताना बोलणं बंद, फक्त रजिस्टर आणि मोबाईलवर मेसेज. डोस एकदाही चुकला नाही. पण खरं सांगायचं तर तिचा मेसेज आला की मी त्याचा फोटो काढून ठेवायची, आणि तीही तसंच करत असणार. वर्षभरानं ती दुसऱ्या वॉर्डात गेली तेव्हा दोघींनाही सुटल्यासारखं वाटलं. त्यामुळं माझा मार्ग बरोबर होता की नाही, हे मला आज नक्की सांगता येत नाही.

तासगावहून, द्राक्षबागायतदार

आमचाही असाच प्रश्न आहे. बोअरवेल सामाईक, चुलतभावाशी पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षं बोलणं नाही. छाटणीच्या वेळी तर फार अडचण होते. सरपंचांना मध्ये घालावं का?

धागा काढणारी

दादा, तुमची अडचण मोठी आहे. पण हा धागा नोकरीतल्या सहकाऱ्यांबद्दल आहे. पाण्याच्या पाळीबद्दल वेगळा धागा काढलात तर जाणकार नक्की लिहितील. तोवर एवढंच सांगते, की पाळी तासांत ठरवून मोटार चालू-बंद केल्याची वेळ दोघांनी एकाच वहीत लिहिली, तर निदान किती तास कुणाचे यावर वाद होणार नाही.

साताऱ्याहून, बँकेतून निवृत्त शाखाधिकारी

बाईंनी फार प्रामाणिकपणे लिहिलंय. दोन गोष्टी सांगतो.

पहिली रोकडीची. फरक नऊनं निःशेष भागला जात असेल, तर माणसावर संशय घ्यायच्या आधी आकड्यांची अदलाबदल झालीय का ते बघायचं. ५४ चे ४५, ७२ चे २७, ८१० चे १८०. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. दर वेळी तेच कारण असतं असं नाही, पण त्या संध्याकाळी दिवसाची यादी घेऊन स्लिपा एकेक करून लावल्या असत्या तर अर्ध्या-पाऊण तासात सापडलं असतं. आमच्याकडं फरक आला की पहिला तास कुणी कुणाला काही बोलायचं नाही, फक्त व्हाउचर लावायची, असा मी नियमच केला होता. पुढची बरीच भांडणं त्यानं टळली.

दुसरी माणसांची. विश्वास कशावर उभा असतो याची मांडणी मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये केली होती. प्रशिक्षणात ऐकलेलं ते मला पुढं रोज उपयोगी पडलं. समोरच्याला काम येतं का, त्याला आपलं भलं हवंय का आणि तो सचोटीचा आहे का, हे आपण वेगवेगळं तोलत असतो. "तू मोजायला चुकलीस" एवढंच तुम्ही म्हणाला असतात तर तिच्या कामाला बोल लागला असता, तो आठवड्यात विरला असता. तुम्ही पर्स उघडायला लावलीत, म्हणजे घाव सचोटीवर बसला. म्हणून केबिनमधली माफी पुरली नाही. ज्यांच्यासमोर डाग लागला त्यांच्यासमोरच तो पुसायला हवा होता. स्टाफसमोर तुम्ही पुसलात. पण त्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या खातेदारांना हे कळलं का? मी तुमच्या जागी असतो तर ते पुन्हा आले तेव्हा तिच्यासमक्ष त्यांना सांगितलं असतं.

मिरजेच्या ताईंना एवढंच म्हणेन, की लेखी ठेवणं योग्यच, पण ते दोघींनी मिळून एका जागी लिहिलेलं असावं. एकमेकींचे फोटो काढून ठेवायला लागलो की तो पुरावा गोळा करणं झालं.

आणखी एक. भांडण आणि छळ यांत गल्लत करू नका. बाईमाणसाला कुणी लैंगिक त्रास देत असेल, तर तिथं एकत्र बसून जुळवून घ्यायचं नसतं. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

पाटण तालुक्यातून, शिक्षिका

आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं. पोषण आहाराची नोंद सर ठेवतात. एकदा मी पोतं बघितलं तर नोंदीपेक्षा तांदूळ चौदा किलो कमी वाटला. सरांशी न बोलता मी ते केंद्रप्रमुखांना सांगितलं. चौकशीत निघालं काय, तर मदतनीस मावशी ज्या डब्यानं तांदूळ घ्यायच्या त्यात किलोपेक्षा जास्त बसायचा. सरांचा काही दोष नव्हता.

मी माफी मागितली. पण सर अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत. "जा, मॅडमना सांग, परिपाठ तुम्ही घ्या," असा निरोप चौथीतल्या मुलीबरोबर येतो. तेवीस मुलं आहेत आणि सगळ्यांना कळतं. ती मुलगी माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहते, ते मला बघवत नाही. काय करू?

धागा काढणारी

ताई, माफी कुठं मागितलीत? केंद्रप्रमुखांना "सरांचा दोष नव्हता" हे तुम्ही स्वतः लेखी कळवलंय का? नसेल तर आधी ते करा आणि त्याची प्रत सरांच्या हातात द्या.

मग तांदळाचं काम अर्धं अंगावर घ्या. पहिली ते पाचवीला मुलामागं शंभर ग्रॅम, म्हणजे तुमच्या तेवीस मुलांना दोन किलो तीनशे. डबा बाजूला ठेवून काट्यावर तोलायचं. एक दिवस सर तोलतील, तुम्ही लिहाल, दुसऱ्या दिवशी उलट. काटा दोघांच्या मध्ये असला की निदान आकडा तरी थेट बोलावा लागतो. आमच्याकडंही पहिले कितीतरी दिवस "पाचशेच्या एकशे बारा" एवढंच बोलणं होतं.

साताऱ्याच्या काकांचा प्रश्न मनाला लागला. त्या खातेदारांना मी सांगितलेलं नाही. त्यातले दोघे दर महिन्याला येतात.

पाटण तालुक्यातून, शिक्षिका

लेखी कळवलं नव्हतं. उद्या कळवते. पण मुलीबरोबर निरोप आला तर तिला काय सांगू, ते अजून कळत नाही.

मिरजेहून, परिचारिका

तिला काही सांगू नका. तिला वर्गात पाठवा आणि स्वतः सरांच्या वर्गाच्या दारात जाऊन उत्तर द्या. रोज जा. ते बोलले नाहीत तरी जा.